धरणाखाली गेलेलं आजीचं माहेर उपग्रह-नकाशावर कसं शोधावं: कुर्डीचा अनुभव, पायरीपायरीनं

माझी आजी, म्हणजे आईची आई, कुर्डीची. सांगे तालुक्यातलं हे गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या आडनावातलं कुर्डी ते हेच. आजी १९६० साली लग्न होऊन फोंड्याकडे आली. १९८०च्या दशकात धरण झालं, माहेरची माणसं पुनर्वसन वसाहतीत गेली. त्यानंतर ती त्या जागी कधी गेलीच नाही.

मी अकरा वर्षं हॅम्बुर्गला राहतो. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "तुझ्या त्या मशीनवर सगळं जग दिसतं म्हणतात. मग माझं घर कुठं होतं तेवढं मला एकदा दाखव." मला वाटलं, रविवारच्या एका दुपारचं काम आहे. प्रत्यक्षात आठ महिने गेले आणि त्यातले पहिले चार चुकीच्या जागा बघण्यात गेले. तुमच्या आजीचं किंवा आजोबांचं गाव असंच धरणात गेलं असेल किंवा उठून दुसरीकडे वसलं असेल, तर ते चार महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे. साळावलीसाठी जे केलं तेच इतर धरणांनाही लागू पडतं, फक्त तारखा तुमच्या धरणाच्या बघाव्या लागतील.

## काय जवळ हवं

आजीच्या जन्मनोंदीची नक्कल असेल तर उत्तम. तिचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला असेल तर ती नोंद पोर्तुगीजमध्ये असणार. तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते, त्यासाठी गोव्यातलं घरचं कुणीतरी जाऊ शकेल असं हवं. मूळ नोंदीचा मोबाइलवर काढलेला स्वच्छ फोटोही पुष्कळ कामाचा, कारण टंकलिखित नकलेत स्पेलिंग कधी कधी बदललेलं असतं.

संगणक हवाच, नुसत्या मोबाइलवर हे जमत नाही. त्यावर `Google Earth Pro` घ्या, ते फुकट आहे. शिवाय `browser.dataspace.copernicus.eu` हे संकेतस्थळ लागेल. तिथे युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची छायाचित्रं नुसती बघायला खातंही लागत नाही, उतरवून घ्यायची असतील तर खातं काढावं लागतं आणि तेही फुकट असतं.

आणि गावात पाय ठेवू शकेल असं एक माणूस हवं. माझ्याकडे वाडे या गावच्या पुनर्वसन वसाहतीत राहणारा मामा होता, आजीच्या भावाचा मुलगा. असं माणूस नसेल तर पाचव्या पायरीपर्यंत तुम्ही एकटे पोचाल, त्यापुढे नाही.

## १. आधी नाव पक्कं करा

माझी पहिली चूक इथेच झाली. आजीच्या जन्मनोंदीत गावाचं नाव हातानं लिहिलेलं होतं, शाई उडाली होती. मी ते `Curti` असं वाचलं, नकाशावर टाकलं आणि लगेच गाव सापडलं. फोंड्याजवळचं कुर्टी. आजी तर फोंड्यालाच राहते, तेव्हा मला शंका यायचंही कारण नव्हतं. तीन आठवडे मी खांडेपारच्या नदीकाठी तिचं घर शोधत होतो. शेवटी तिनंच विचारलं, "अरे, पण एवढ्या जवळचं माहेर असतं तर मी काय दर चतुर्थीला गेले नसते?" अक्षर पुन्हा मोठं करून पाहिलं, तेव्हा `t` ची वाटणारी रेघ म्हणजे `d` ची उडालेली गोलाई होती हे कळलं. नाव `Curdi` होतं.

म्हणून गावाचं नाव पुसट असेल तर आधी `Concelho` या शब्दापुढे काय आहे ते वाचा. हा त्या वेळचा तालुका. कुर्टीपुढे फोंडा आलं असतं, आजीच्या नोंदीत `Sanguém` होतं. हा शब्द ठळक असतो आणि सगळ्या नोंदींत तोच परत परत येतो, त्यामुळे शेजारच्या पानावरूनही ताडून बघता येतो. एक मात्र ध्यानात ठेवा: जुन्या सांगे तालुक्यातली काही गावं आता धारबांदोडा तालुक्यात आहेत. तेव्हा आजच्या तालुक्यांच्या यादीत गाव नाही दिसलं तर लगेच नाद सोडू नका.

स्पेलिंगचे दोन-तीन नियम कळले की बरंच सोपं जातं. पोर्तुगीज लिहिणारा श साठी `x` लिहायचा, म्हणून शेल्डे हे `Xeldem`. के, कि यांच्यासाठी `qu`, म्हणून केपे हे `Quepem`. शेवटचा अनुस्वार `m` नं दाखवायचा, म्हणून साळावली हे `Salaulim` आणि सांगे हे `Sanguem`. ट आणि त, ड आणि द यांत त्याला फरकच करता येत नव्हता, त्यामुळे `t` आणि `d` असलेलं प्रत्येक नाव दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघा. आडनावांचंही तसंच: `Porobo` म्हणजे प्रभू, `Naique` म्हणजे नाईक, `Camotim` म्हणजे कामत. नकाशावर शोधताना जुनं आणि नवं दोन्ही स्पेलिंग टाका, माझ्या बाबतीत `Curdi` आणि `Kurdi`.

## २. आजीच्या वाटा लिहून घ्या, नकाशा दाखवू नका

मी उत्साहानं आजीला पडद्यावर नकाशा दाखवला आणि विचारलं, "यातलं काय ओळखता येतं?" ती गप्प झाली. तिला वाटलं आपण विसरलो. ती काहीच विसरली नव्हती, पण वरून दिसणारं गाव तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिला गाव माहीत होतं ते चालताना दिसणारं.

तेव्हा नकाशा बाजूला ठेवा आणि एका वाटेवरून तिला चालायला सांगा. "घरातून बाहेर पडलीस. देवळात निघालीस. आता उजव्या हाताला काय आहे?" असं विचारलं की सगळं येतं. माझ्या वहीत त्या दिवशी उतरलेलं जसंच्या तसं देतो, त्यातला व्हाळ म्हणजे ओढा:

"आंगणातून उतरलं की व्हाळ उजव्या हाताला. व्हाळ ओलांडायचा नाही, त्याच्या कडेकडेनं जायचं. डाव्या हाताला भाटाची गडग्याची भिंत. सोमेश्वराला नैवेद्य घेऊन गेले तर पोचेपर्यंत भात गरम असायचा. संध्याकाळी दिवा लावताना सूर्य देवळाच्या मागं गेलेला असायचा. विहीर आंगणाच्या मागच्या बाजूला, उतरायला पायऱ्या."

या चार ओळींत मला हवं ते सगळं होतं. ते कसं काढायचं ते सांगतो.

दिशा सूर्यावरून घ्या. आजीनं उत्तर-दक्षिण असे शब्द कधीच वापरले नाहीत, पण सूर्य देवळामागे मावळत होता म्हणजे देऊळ घराच्या पश्चिमेला. घराकडून पश्चिमेला चालताना उजवा हात उत्तरेला येतो, म्हणजे व्हाळ घराच्या आणि वाटेच्या उत्तरेला. सूर्य मात्र उन्हाळ्यात थोडा उत्तरेकडे आणि थंडीत तेवढाच दक्षिणेकडे सरकून मावळतो, तेव्हा यातून नेमका कोन निघत नाही, साधारण बाजू कळते.

अंतर वेळेवरून घ्या. "किती लांब?" हा प्रश्न फुकट जातो, "जवळच" हेच उत्तर येतं. "किती वेळ लागायचा? हातात काय असायचं?" असं विचारा. ताट हातात घेऊन चालणाऱ्या मुलीचा वेग मी ताशी ३ किलोमीटर धरला. भात गरम राहतो म्हणजे दहा मिनिटांच्या आत. दहा मिनिटांत ५०० मीटर होतात. तेव्हा घर देवळापासून ५०० मीटरच्या आत, त्यापलीकडे नाही.

आता यातला सगळ्यात मोठा धोका. आजी "वर" आणि "खाली" हे शब्द सारखे वापरते. मी "वर" म्हणजे नकाशाची वरची बाजू, उत्तर, असं धरून चाललो होतो. तिचं "वर" म्हणजे चढाची बाजू, पाणी जिकडून येतं ती. डोंगराळ गोव्यात सगळ्याच जुन्या माणसांचं असंच असतं. मामाशी बोलल्यावर हे कळलं आणि मग मी तिच्यासाठी नकाशाच फिरवून ठेवला, व्हाळाचा उगम पडद्याच्या वरच्या बाजूला येईल असा. त्यानंतर तिचं बोलणं आणि माझं चित्र जुळायला लागलं.

## ३. तीन खोट्या कुर्डी ओळखा

उठलेल्या गावाचं नाव माणसांबरोबर जातं आणि नकाशावर नव्या जागी चिकटतं. साळावलीच्या भोवती तुम्हाला हे स्पष्ट दिसेल.

एक म्हणजे वसाहत. कुर्डीची माणसं वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत गेली, आणि वाड्याला लोक वाडे-कुर्डी असंच म्हणतात. नकाशावर `Kurdi` नाव असलेली दुकानं, सभागृह असं काही दिसलं तर ते तिथलं. चौकोनी प्लॉट आणि सरळ रस्ते दिसले की समजा, हे आखून वसवलेलं गाव आहे. जुन्या गावात घरं व्हाळाच्या आणि कुळागराच्या कडेनं विखुरलेली असतात.

दुसरं म्हणजे महादेवाचं देऊळ. कुर्डीचं कदंबकालीन महादेव मंदिर पाण्यात जाऊ नये म्हणून दगड दगड सुटा करून धरणाच्या जवळ नव्या जागी पुन्हा उभारलं. नकाशावर ते कुर्डीच्या नावानंच दिसतं. आजीनं "महादेवाच्या देवळापासून" म्हटलं आणि तुम्ही तिथून मोजायला लागलात, तर सगळं चुकलं. सोमेश्वराचं देऊळ मात्र मूळ जागी आहे. पाणी ओसरलं की ते उघडं पडतं आणि मे महिन्यात तिथे उत्सवही होतो, विखुरलेले कुर्डीकर त्या दिवशी एकत्र येतात. म्हणून मोजणी सोमेश्वरापासून करा. ख्रिस्ती घरातले असाल तर कपेलच्या जागेपासून करा, तिचीही यात्रा उन्हाळ्यात भरते.

तिसरी खोटी खूण म्हणजे पाण्याच्या मधोमध आलेलं गावाचं नाव. ते बघून मला भरून आलं होतं. पण असं नाव बहुतेक वेळा गावाच्या महसुली हद्दीच्या मध्यावर किंवा जुन्या यादीतल्या ढोबळ अंकांवर ठेवलेलं असतं. घरं तिथेच होती असं त्यावरून ठरत नाही.

## ४. योग्य तारखेचं छायाचित्र काढा

माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म या पायरीत आहे. नेहमीच्या नकाशावर तुम्हाला पाणीच दिसेल, कितीही जवळ गेलात तरी. छायाचित्र ज्या दिवशी काढलं त्या दिवशी धरण भरलेलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. साळावलीत पाणी पावसाळ्याच्या अखेरीस भरलेलं असतं, नंतर दक्षिण गोव्याच्या नळांना आणि शेतीला जात जात उतरतं. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस जोर धरेपर्यंत ते सगळ्यात खाली असतं. तुम्हाला नेमके ते दोन-तीन आठवडे हवेत.

`Google Earth Pro` मध्ये घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारली की जुन्या तारखांची पट्टी येते. तिथली छायाचित्रं फार बारीक, घराचं जोतंसुद्धा दिसेल अशी असतात. पण तारखा आपल्या हातात नसतात. कोकण-गोव्याची बहुतेक छायाचित्रं डिसेंबर ते मार्चमधली निघतात, कारण तेव्हा आकाश निरभ्र असतं, आणि तेव्हा धरणात पाणीही भरपूर असतं. तरी प्रत्येक तारीख उघडून बघा. एखादी एप्रिल-मेची लागली तर नशीबच.

तारीख आपल्याला निवडायची असेल तर सेंटिनेल-२ कडे जावं लागतं. हे उपग्रह २०१५ पासून छायाचित्रं घेत आहेत आणि २०१७ मध्ये दुसरा उपग्रह आल्यापासून साधारण दर ५ दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपली जाते. यातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर असतो. म्हणजे आजीचं अख्खं घर एका-दोन ठिपक्यांत मावतं. घर दिसण्याची आशा ठेवू नका. व्हाळ, वाट, शेताचा पट्टा आणि पाण्याची कड दिसते, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

कोपर्निकस ब्राउझर उघडल्यावर मी जे करतो ते असं:

नकाशा साळावली जलाशयाच्या दक्षिणेकडच्या, आत शिरलेल्या भागावर आणा. डावीकडे `Sentinel-2 L2A` निवडा. तारखांच्या खिडकीत मेचा शेवटचा आठवडा धरा आणि ढगांचं प्रमाण ठरवणारी पट्टी ३० टक्क्यांवर आणा. ती अगदी शून्यावर नेऊ नका. ते प्रमाण सगळ्या मोठ्या चौकोनासाठी मोजलेलं असतं. घाटावर ढग असले तरी तुमच्या दरीवर ऊन पडलेलं असू शकतं.

आधी `True color` बघा. इथे एक फसगत होते: उघडा पडलेला चिखल आणि उथळ गढूळ पाणी दोन्ही तपकिरीच दिसतात, कड कुठे आहे कळत नाही. मग `False color` लावा. यात झाडी लाल दिसते, पाणी काळं आणि सुका चिखल राखाडी-करडा. काळ्या-करड्याची सीमा म्हणजे त्या दिवशीची पाण्याची कड. मी पहिल्यांदा हे लावलं तेव्हा करड्या पट्ट्यातून नागमोडी काळी रेघ गेलेली दिसली. ती जुनी नदी होती, आपल्या मूळ पात्रातून वाहणारी. एवढी वर्षं वर पाणी उभं राहून तिनं वाट सोडली नव्हती.

एका वर्षावर थांबू नका. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोचला, म्हणजे नेहमीच्या १ जूनपेक्षा आठवडाभर उशिरा. अशा वर्षांतल्या मेअखेरच्या आणि जूनच्या पहिल्या दिवसांच्या तारखा आधी बघा. २०२१ मध्ये उलट झालं, मेच्या मध्यालाच तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, तेव्हाच्या बऱ्याच तारखा ढगांत गेल्या आहेत. दोन चांगल्या तारखा मिळाल्या की `Compare` मध्ये टाका, एक मेमधली आणि एक जानेवारीतली, आणि मधली पट्टी इकडून तिकडे सरकवा. जे मेमध्ये आहे आणि जानेवारीत नाही, ते आजीचं गाव.

## ५. दरीचा आकार जुळवा आणि वर्तुळ काढा

आता सोमेश्वराचं देऊळ नक्की करायचं. माझ्याकडे मामानं उत्सवाच्या दिवशी देवळासमोर उभं राहून मोबाइलवरून पाठवलेलं ठिकाण होतं. तुमच्याकडे असं कुणी असेल तर हाच रस्ता धरा, बाकी सगळ्या मार्गांपेक्षा खात्रीचा. एक मात्र तपासा. आलेले अंक दशांशात आहेत की अंश-मिनिटांत? `15.30` आणि `15°30'` हे एक नव्हेत. दुसऱ्याचा दशांश होतो `15.50`, आणि दोहोंत सुमारे २२ किलोमीटरचं अंतर पडतं. सांग्यातली जागा शोधताना मी असाच एकदा पार पणजीच्या अक्षांशावर जाऊन बसलो होतो.

देवळाचे अंक `Google Earth Pro` मध्ये टाकून खूण करा. मोजपट्टीच्या साधनात `Circle` निवडून ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्यातला पूर्वेकडचा भाग ठेवा, बाकीचा सोडा. मग व्हाळाची रेघ कोपर्निकसच्या चित्रावरून बघून तिथे हातानं आखा. घर व्हाळाच्या दक्षिणेला, तेव्हा उत्तरेकडचा भागही गेला. माझ्याकडे शेवटी पापडाच्या तुकड्यासारखी एक पाचर उरली, सुमारे ३०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद. म्हणजे सेंटिनेलच्या हिशेबानं ३० ठिपके बाय १० ठिपके.

इथे दोन गोष्टींवर विसंबू नका. गूगल अर्थवर कर्सर फिरवला की खाली उंची दिसते, आणि वाटतं की पाण्याखालच्या दरीचा उतारही कळेल. तसं होत नाही. अशा नकाशांतल्या उंचीचा मोठा आधार म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून केलेली रडार-मोजणी. रडार पाण्याच्या आत जात नाही आणि तेव्हा धरणात पाणी साठलेलं होतं. तुम्हाला दिसते ती पाण्याच्या पृष्ठभागाची उंची. जलाशयाभोवतीच्या डोंगरांची उंची मात्र वापरता येते. आजीनं सांगितलेला "सकाळी ऊन अडवणारा डोंगर" मी तसाच ओळखला.

दुसरं, जुने छापील नकाशे. अमेरिकन लष्करानं १९५०च्या दशकात काढलेले भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात फुकट बघता येतात. धरणाआधीची नदी बघायला ते छान आहेत. पण त्या प्रमाणात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. नदीचं वळण जुळवा, घर शोधू नका. याहून बारीक काही हवं असेल तर `earthexplorer.usgs.gov` वर `Declassified Data` मध्ये १९६०-७२ मधल्या कोरोना हेर-उपग्रहांच्या फिल्म आहेत, तुमच्या भागावरची एखादी ढगाविना पट्टी आहे का ते तिथे पाहावं. खातं काढावं लागतं, आणि स्कॅन न झालेल्या पट्टीसाठी पैसे पडतात.

## ६. जागेवर माणूस पाठवा आणि फोटो आजीला दाखवा

पाचर मामाला व्हॉट्सॲपवर पाठवली. नुसतं चित्र पाठवू नका. गूगल अर्थमधल्या खुणेवर उजवी टिचकी मारून `Save Place As` नं `kml` फाइल काढा, ती `kml` चालणाऱ्या मोबाइलच्या नकाशा-ॲपमध्ये उघडते आणि चालताना आपण कुठं आहोत ते दिसतं. तिथे मोबाइलला रेंज नसेल असं धरून नकाशा आधीच उतरवून ठेवायला सांगा.

जाणाऱ्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. वरून सुकलेला दिसणारा चिखल खाली ओला असतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, म्हणून जुन्या रस्त्यावरून आणि बांधांवरूनच चालावं, एकट्यानं जाऊ नये. आणि उघड्या विहिरींचे कठडे पडलेले आहेत, काठाशी जाऊन वाकू नये. पहिला मोठा पाऊस झाला की जायचा विचार सोडून द्यावा.

मामा सकाळी सातला गेला. पाचरीच्या पश्चिम टोकाला त्याला चिऱ्यांचं जोतं दिसलं, त्यामागे विहीर. फोटो आले तेव्हा हॅम्बुर्गला पहाटेचे साडेचार होते. चिऱ्यांवर गाळाचा थर वाळून भेगाळला होता, जोत्याच्या एका कोपऱ्यात माडाचा खुंट उभा होता. मला वाटलं, सापडलं. मी आजीला फोन लावला आणि एकेक फोटो दाखवला.

तिनं विहिरीचा फोटो बराच वेळ बघितला. मोठा करायला सांगितला, मग आणखी मोठा.

"ही आमची नव्हे रे बाबा. ही भटजींची. हिला पायऱ्या कुठं आहेत? आमच्या बायात उतरायला सहा पायऱ्या होत्या, खालची पायरी फुटलेली. आई रोज सांगायची, जपून गो."

मग तिनं विचारलं, माडाचा खुंट जोत्याच्या कुठल्या अंगाला आहे? मी सांगितलं, व्हाळाच्या. ती म्हणाली, "मग आमचं त्याच्यापुढं. गडगा ओलांडायचा आणि दोन आंगणं सोडायची."

मामा अजून तिथेच होता. मी त्याला तसंच सांगितलं. तो गडग्याच्या दगडांवरून पूर्वेकडे चालत गेला आणि वीस मिनिटांनी त्याचा फोटो आला. अर्धी गाळानं भरलेली विहीर, आतल्या बाजूनं उतरणाऱ्या चिऱ्यांच्या पायऱ्या. चार दिसत होत्या, बाकीच्या गाळाखाली. मी नकाशावर मोजलं: पहिल्या विहिरीपासून ४० मीटर, सेंटिनेलचे चार ठिपके.

तेव्हा मामाचे अंक आले की लगेच खूण पक्की करू नका. आधी फोटो आजीला दाखवा, मोठा करून, घाई न करता, आणि ती बोलत असताना मामाला जागेवरच थांबवून ठेवा. मग खूण हलवा. मी माझी चार ठिपके पूर्वेला सरकवली आणि तिला आजीनं सांगितलेलं नाव दिलं, "आईची बाय", म्हणजे आईची विहीर. पुढच्या मे महिन्यात मामा फावडं घेऊन जाणार आहे, खालच्या दोन पायऱ्या बघायला.